गरुडाच्या डोळ्यात उंदीर केवढा पडतो?

*माझी मुलगी नववीत शिकते. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिने गरुडाच्या दृष्टीवर तक्ता करायला घेतला आहे. हिवाळ्यात करमळीच्या तळ्यावर मोठे गरुड घिरट्या घालताना आम्ही पाहतो, त्यावरून तिला हा विषय सुचला. इंटरनेटवर तिला तीन गोष्टी मिळाल्या: गरुडाला माणसाच्या आठपट दिसते, तीन किलोमीटरवरचा ससा दिसतो आणि उंदराच्या मुताची अतिनील चकाकीही दिसते. यातले खरे किती धरावे? आणि एवढ्या उंचावरून त्याला उंदीर दिसतो, तो डोळ्यातल्या नेमक्या कशामुळे? प्रात्यक्षिक म्हणून काही करून दाखवता येईल का?*
*– एक वाचक, जुने गोवे*

नमस्कार.

आपल्या कन्येने तक्त्यावर आठ हा आकडा लिहिला असेल, तर तो खोडून तेथे ‘सुमारे सव्वादोन ते अडीच’ असे लिहावे. हा आकडा अंदाजाने आलेला नाही. ऑस्ट्रेलियात पाचरीसारख्या शेपटीचा एक मोठा गरुड आहे आणि त्याच्या दृष्टीची रीतसर परीक्षा रेमंड या संशोधकांनी घेऊन १९८५ मध्ये प्रसिद्ध केली. गरुडासमोर दोन फलक ठेवायचे, एकावर काळ्यापांढऱ्या बारीक रेघा आणि दुसऱ्यावर तेवढ्याच उजेडाचा सपाट करडा रंग. रेघांचा फलक ओळखला तर खाऊ, चुकला तर काही नाही. रेघा बारीक बारीक करत नेल्या की एक वेळ अशी येते की पक्षी नुसत्या नशिबावर निवडू लागतो, आणि तीच त्याच्या दृष्टीची हद्द. भरपूर उजेडात ही हद्द एका अंशाच्या कोनात सुमारे १४० जोड्यांपर्यंत गेली. एक काळी आणि एक पांढरी रेघ मिळून येथे एक जोडी धरतात. निरोगी डोळ्यांच्या माणसाची हद्द साधारण ६० जोड्यांची असते. १४० ला ६० ने भागले की २.३ येतात.

आठपटीची ख्याती कोठून आली हे सांगणे अवघड असले, तरी ती फुगण्याचा एक मार्ग दिसतो. लांबीत २.३ पट बारीक दिसणे म्हणजे क्षेत्रफळात त्याचा वर्ग, म्हणजे पाचपटीहून थोडे अधिक. लांबीचा आणि क्षेत्रफळाचा हिशेब एकमेकांत मिसळला की आकडे असे वाढत जातात. शिवाय १९७६ मध्ये अमेरिकेतल्या एका लहानशा खरुची बाजाची दृष्टी १६० जोड्यांची, म्हणजे या मोठ्या गरुडाहूनही सरस असल्याचे प्रसिद्ध झाले होते. पुढच्या मोजण्यांत ती त्याच्या जेमतेम चौथाईइतकी भरली, पण पहिला आकडा पुस्तकांतून हटायला तयार नाही. तो मुळातच का पटण्यासारखा नव्हता, हे खाली डोळ्याच्या आकाराबद्दल बोलताना आपोआप स्पष्ट होईल.

गरुडाचा डोळा समजून घेताना सुरुवात आकारापासूनच करावी लागते. या ऑस्ट्रेलियन गरुडाचे वजन तीन ते पाच किलोच्या घरात असते, पण त्याच्या डोळ्याची समोरून मागेपर्यंतची लांबी सुमारे ३५ मिलिमीटर भरते. साठ-सत्तर किलोच्या माणसाचा डोळा २४ मिलिमीटरचा. बाहेरून आपल्याला फक्त पापण्यांमधली गोल चकती दिसते, म्हणून हा आकार लक्षात येत नाही. कवटीच्या आत मात्र दोन्ही डोळे एकमेकांना जवळजवळ टेकलेले असतात आणि त्यांच्यामध्ये हाडाचा पातळ पडदा तेवढा असतो. डोळा लांब असल्याने भिंगापासून मागच्या दृष्टिपटलापर्यंतचे अंतर वाढते आणि त्यामुळे पटलावर पडणारी प्रतिमाही मोठी होते. एक अंश कोनात मावणारी वस्तू माणसाच्या दृष्टिपटलावर सुमारे ०.३ मिलिमीटर जागा व्यापते, तर या गरुडाच्या पटलावर ०.३८ मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे केवळ लांबीमुळे सव्वापटीहून थोडा अधिक फायदा होतो.

आकाराचा दुसरा फायदा बाहुलीतून होतो आणि तो पुष्कळदा सांगायचा राहून जातो. प्रकाश लहान छिद्रातून गेला की किंचित पसरतो. छिद्र जितके लहान, तितका पसारा जास्त. एका अंशात १४० जोड्या वेगळ्या ठेवायच्या असतील, तर हिरव्या प्रकाशासाठी बाहुली निदान साडेचार मिलिमीटर रुंद असावीच लागते. भिंग कितीही उत्तम असले तरी या नियमातून सुटका नाही. १६० जोड्यांसाठी ही रुंदी पाच मिलिमीटरच्या पुढे जाते, आणि एवढ्याशा खरुचीच्या डोळ्याकडून तशी अपेक्षा करणे पदार्थविज्ञानाला धरून नाही. माणसाची बाहुली अंधारात सहा-सात मिलिमीटरपर्यंत उघडते हे खरे, पण तीन मिलिमीटरच्या पुढे गेली की आपल्या पारपटलाचे आणि भिंगाचे दोष प्रतिमा धुरकट करू लागतात. मोठ्या गरुडाची भिंगे बाहुली रुंद असतानाही प्रतिमा स्वच्छ ठेवतात. यावरून एक गोष्ट ध्यानात ठेवावी: आपल्या परसातल्या आंब्यावर येणारा शिक्रा आणि करमळीचा ठिपकेवाला गरुड हे दोघेही शिकारी असले, तरी गरुडाचा आकडा शिक्र्याच्या नावावर लिहिणे बरोबर नाही.

आता दृष्टिपटलाकडे वळू, कारण उरलेला सगळा फायदा तेथेच होतो. पटलात प्रकाश टिपणाऱ्या पेशी दोन प्रकारच्या असतात. मंद उजेडात काम करणाऱ्या त्या दंडपेशी, आणि भर उजेडात बारकावे व रंग टिपणाऱ्या त्या शंकूपेशी. या शंकूपेशी कोळ्याच्या जाळ्यासारख्या मानाव्यात: जाळ्याची वीण जेवढी बारीक, तेवढी लहान मासळी त्यात अडकते, आणि विणीहून बारीक मासळी निसटून जाते. काळी रेघ एका पेशीवर आणि पांढरी शेजारच्या पेशीवर पडली, तरच दोन्ही वेगळ्या कळतात. दोन्ही एकाच पेशीवर पडल्या तर त्या पेशीला नुसता करडा रंग जाणवतो. म्हणून एका अंशात १४० जोड्या दिसायच्या असतील, तर त्या ०.३८ मिलिमीटरमध्ये पेशींच्या २८० ओळी बसल्या पाहिजेत. भागाकार केला की एका ओळीपासून पुढच्या ओळीचे अंतर सुमारे १.४ मायक्रॉन येते, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाची दीडपटसुद्धा नाही. माणसाच्या ०.३ मिलिमीटरमध्ये १२० ओळी, म्हणजे ओळीगणिक अडीच मायक्रॉन. प्रतिमा सव्वापटीहून थोडी मोठी आणि वीण पावणेदोनपटीहून थोडी बारीक. या दोहोंच्या गुणाकारातून ते २.३ निघतात. आपल्या कन्येने हा गुणाकार तक्त्यावर मांडला, तर परीक्षकांनी काहीही विचारले तरी तिला उत्तर देता येईल.

मग वीण याहूनही बारीक का नाही? शंकूपेशी ही प्रकाश आत वाहून नेणारी नळी असते, आणि प्रकाशाच्या एका लाटेची लांबीच अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास असते. नळी एक मायक्रॉनपर्यंत अरुंद होऊ लागली की आत शिरलेला प्रकाश तिच्या भिंतीतून शेजारणीकडे झिरपतो, आणि मग पेशी वाढवूनही बारकावे वाढत नाहीत. शिवाय बारीक पेशीला प्रकाशही कमीच मिळतो. गरुडाची वीण या मर्यादेच्या जवळ येऊन पोहोचलेली आहे. यापुढे दृष्टी वाढवायची तर डोळाच मोठा करावा लागेल, आणि उडणाऱ्या प्राण्याला डोक्यात जड गोळे वागवणे परवडत नाही.

एवढी दाट वीण सगळ्या दृष्टिपटलावर मात्र नसते. तशी ती असती तर प्रत्येक पेशीची बातमी मेंदूपर्यंत नेण्यासाठी दृष्टिचेता फार जाड करावी लागली असती आणि मेंदूचाही आकार वाढवावा लागला असता. म्हणून दाटी ठरावीक जागीच केलेली असते. तेथे जवळजवळ एका शंकूपेशीमागे बातमी वाहणारी एक स्वतंत्र पेशी असते, तर कडेला अनेक पेशींची मिळून एकच बातमी जाते. आपल्या डोळ्यातही अशी एक जागा आहे. हात ताठ पुढे करून अंगठ्याच्या नखाकडे पाहावे. त्या नखाएवढ्या तुकड्यातच आपल्याला खऱ्या अर्थाने स्वच्छ दिसते. याची खात्री वर्तमानपत्रावर करता येते. मथळ्याखालच्या एका अक्षरावर नजर खिळवून ठेवली आणि ती जराही न हलवता चार-पाच शब्द पलीकडचा शब्द वाचू गेले, तर तो वाचता येत नाही.

या दाट जागी दृष्टिपटलात एक खळगा असतो, त्याला फोव्हिया म्हणतात. पक्ष्यांच्या आणि आपल्याही डोळ्यात शंकूपेशी पटलाच्या मागच्या थरात असतात आणि बातमी नेणाऱ्या पेशींचे थर त्यांच्या पुढे, म्हणजे प्रकाशाच्या वाटेवरच येतात. खळग्यात हे पुढचे थर बाजूला सारलेले असतात, त्यामुळे प्रकाश थेट शंकूपेशींवर पडतो. गरुडाला याशिवाय आणखी एक सोय आहे. आपल्या दृष्टिपटलावर रक्तवाहिन्यांचे जाळे पसरलेले असते आणि त्याची सावली पेशींवर पडते. फक्त खळग्याच्या मध्यावर ते नसते. पक्ष्यांच्या दृष्टिपटलात रक्तवाहिन्या मुळीच नसतात. दृष्टिचेता जेथून बाहेर पडते तेथून डोळ्याच्या पोकळीत घड्यांचा एक काळा पडदा उभा असतो, त्याला पेक्टेन म्हणतात, आणि दृष्टिपटलाला लागणारे अन्न व प्राणवायू मुख्यतः त्याच्याकडून मिळतात. कोंबडीचा डोळा प्रयोगशाळेत उघडून पाहिला तर हा पडदा साध्या डोळ्यांनीही दिसतो. हा प्रयोग मात्र बाईंच्या देखरेखीखालीच करावा.

गरुडाच्या डोळ्यात असे खळगे दोन असतात. मधला खळगा खोल, जवळजवळ उभ्या भिंतींचा; बाहेरच्या कडेकडचा, म्हणजे कानशिलाच्या बाजूचा, उथळ. डोके सरळ समोर धरले तर खोल खळग्याची नजर समोरच्या दिशेपासून सुमारे ४५ अंश बाजूला जाते, आणि उथळ खळग्याची जवळजवळ समोर, १५ अंशांच्या आत. सर्वांत दाट वीण असते ती खोल खळग्यात. म्हणजेच गरुडाला सर्वांत स्पष्ट दिसते ते समोरचे नव्हे, तर तिरके, आणि तेही एका वेळी एकाच डोळ्याने. हे वाचून विचित्र वाटेल, पण माडाच्या झावळीवर बसलेली घार मान कलती करून एका डोळ्याने खालच्या आवाराकडे बघत राहते ते आपण रोज पाहतो, आणि ते याच जातीचे वागणे आहे. तिचे डोळे खोबणीत फारसे फिरत नाहीत. हाडाच्या लहान तुकड्यांचे कडे डोळ्याभोवती घट्ट बसलेले असते आणि डोळा पूर्ण गोलही नसतो, म्हणून नजर वळवायची तर मानच वळवावी लागते. एरवी आपण मान स्थिर ठेवून डोळे फिरवतो, तिचे काम बरोबर उलट चालते.

अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाचे व्हान्स टकर यांनी पिंजऱ्यातल्या काही शिकारी पक्ष्यांना वेगवेगळ्या अंतरांवरच्या वस्तूंकडे पाहायला लावून त्यांच्या माना कशा वळतात हे मोजले आणि २००० साली ते प्रसिद्ध केले. वस्तू ४० मीटर किंवा त्याहून दूर असली की बहुतेक वेळा पक्षी मान तिरकी करून, म्हणजे खोल खळग्याने पाहत. ती आठ मीटरच्या आत आली की सरळ समोर, दोन्ही डोळ्यांच्या उथळ खळग्यांनी. दूरचे शोधायला एक जागा आणि जवळचे पकडायला दुसरी, अशी ही वाटणी आहे. शेवटच्या क्षणी नखे नेमकी कोठे रोवायची हे ठरवताना दोन्ही डोळ्यांचा अंदाज एकत्र लागतो, म्हणून उथळ खळगे समोर आहेत. येथून टकर यांनी पुढची अडचण दाखवली: बहिरी ससाणा भरधाव सूर मारताना मान ४० अंश तिरकी ठेवू लागला तर हवेचा अडथळा दुपटीहून अधिक होतो. त्यामुळे मान शरीराच्या रेषेत ठेवून, बाजूच्या नजरेत भक्ष्य धरून तो वळणदार मार्गाने खाली येतो. नंतरच्या अभ्यासकांनी पाठलागाच्या वेगळ्या गणितानेही असे वळण पडते हे दाखवले आहे, तेव्हा प्रत्येक वळणाचे श्रेय खळग्याला देण्याची घाई करू नये.

खोल खळग्याच्या उभ्या भिंतींचे काम काय, यावर मतभेद आहेत आणि तक्त्यावर ते तसेच लिहिणे प्रामाणिकपणाचे ठरेल. दृष्टिपटलाचा प्रकाश वळवण्याचा गुण त्याच्या पुढच्या पारदर्शक द्रवापेक्षा किंचित अधिक असतो, म्हणून खळग्याचा तळ स्वतःच एका लहान अंतर्वक्र भिंगासारखा वागू शकतो आणि प्रतिमा आणखी थोडी मोठी करतो, असे स्नायडर आणि मिलर यांनी १९७८ मध्ये मांडले. त्याआधी १९४८ मध्ये पम्फ्री यांनी वेगळे म्हटले होते: खळग्याच्या उतारावर प्रतिमा वाकडी होते, त्यामुळे भक्ष्य मध्यावरून जरा जरी सरकले तरी ते लगेच जाणवते, आणि नजर एका बिंदूवर खिळवून ठेवायला मदत होते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. माझा स्वतःचा कल पम्फ्रींकडे आहे, कारण २.३ चा हिशेब डोळ्याची लांबी आणि पेशींची वीण एवढ्यावरच बऱ्यापैकी जुळतो. भिंगाची मोठी मदत गृहीत धरावी लागत नाही.

आता उंदराचेच उदाहरण घेऊ. खाजन शेताच्या बांधावर एक उंदीर आहे, शेपूट सोडून १५ सेंटिमीटर लांब आणि पाच सेंटिमीटर रुंद. गरुड ३०० मीटर उंचीवर, बरोबर त्याच्या डोक्यावर आहे. या अंतरावर उंदराची लांबी अंशाच्या पस्तिसाव्या भागाएवढा कोन करते. गरुडाच्या दृष्टिपटलावर त्याची प्रतिमा फक्त ११ मायक्रॉन लांब पडते, म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम शंभरावा भाग. पण १.४ मायक्रॉनच्या विणीत लांबीला आठ ओळी आणि रुंदीला अडीच-तीन ओळी त्यात बसतात. एकूण वीसेक पेशींवर उंदीर पडतो. वीस ठिपक्यांत लांबट अंग कळते, ते कोणत्या दिशेला सरकले हेही कळते. त्याच उंचीवर माणूस असता, तर उंदराची प्रतिमा साडेआठ मायक्रॉनची पडली असती आणि अडीच मायक्रॉनच्या विणीत लांबीला तीन-साडेतीन ओळी आणि रुंदीला एक एवढेच मिळाले असते. तीन-चार ठिपक्यांत उंदीर कोणता आणि मातीचे ढेकूळ कोणते, हे ठरत नाही. गरुडाला ३०० मीटरवरून उंदीर जेवढा दिसतो, तेवढा तो आपल्याला साधारण १३० मीटरवरून दिसतो. अंतर कोणतेही घेतले तरी हे प्रमाण बदलत नाही.

तीन किलोमीटरवरच्या सशाचाही याच हिशेबाने निकाल लागतो. ४० सेंटिमीटरचा ससा ३.२ किलोमीटरवर नेला की तो बरोबर एका काळ्यापांढऱ्या जोडीएवढा उरतो. म्हणजे अगदी हद्दीवर, लख्ख उजेडात, पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळा कुळकुळीत ससा असेल, तर तेथे काहीतरी आहे एवढे कळण्याची शक्यता उरते. ससा म्हणून ओळखण्याची नाही. कोणीतरी हद्दीचे गणित केले आणि पुढच्यांनी ते नेहमीचे वागणे म्हणून लिहिले, असे या आकड्याकडे पाहून वाटते.

पार्श्वभूमीचा प्रश्न सोडून चालणार नाही, कारण गरुडाची उणी बाजू तेथेच आहे. रेघा किती बारीक दिसतात ही एक परीक्षा झाली. रेघा किती फिक्या असल्या तरी दिसतात ही दुसरी. फिक्या रेघांच्या परीक्षेत याच ऑस्ट्रेलियन गरुडाला उजेडातला फरक निदान सात टक्क्यांचा असावा लागला. माणसाला एक टक्क्याहूनही कमी फरक पुरतो. बाकीच्या पक्ष्यांचीही साधारण अशीच स्थिती आहे. म्हणजे मातकट बांधावर मातकट उंदीर अंग चोरून बसला असेल, तर वीस पेशींवर प्रतिमा पडूनही गरुडाला तो कळेलच असे नाही. तो धावला, त्याची सावली सरकली, किंवा कापणी झालेल्या उघड्या मळ्यात तो आला, की मात्र फरक वाढतो. कापणीनंतर मळ्यांवर शिकारी पक्ष्यांची वर्दळ का वाढते, याचा एक भाग येथे आहे. तेथेच हिवाळ्यात येणारा दलदली भोवत्या गवताला जवळजवळ पाय लागतील इतका खालून का उडतो, हेही यावरून समजते: दाट गवतात उंचावरच्या नजरेचा उपयोग थोडा, म्हणून त्याला जवळून आणि कानाने शोधावे लागते.

उजेडाचेही तसेच आहे. खळग्याच्या मध्यावर दंडपेशी नसतात आणि बारीक शंकूपेशींना प्रकाश भरपूर लागतो, म्हणून उजेड उतरू लागला की गरुडाची तीक्ष्णता आपल्याहून झपाट्याने घसरते. करमळीला गरुड उंच घिरट्या घालताना सकाळी नऊ-दहाच्या पुढे दिसतात, त्याचे मुख्य कारण तापलेल्या जमिनीवरून वर चढणारी हवा हेच आहे. पण त्याच वेळेला त्यांच्या डोळ्यांनाही हवा तेवढा उजेड असतो.

अतिनील चकाकीची गोष्ट तक्त्यावरून काढून टाकावी. १९९५ मध्ये फिनलंडच्या संशोधकांनी तेथल्या रानउंदरांच्या मुताच्या खुणा खरुचीला अतिनील प्रकाशात दिसत असाव्यात असे सुचवले आणि ती गोष्ट सगळीकडे पसरली. २०१३ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी निरनिराळ्या शिकारी पक्ष्यांची पारपटले आणि भिंगे तपासली, तेव्हा अतिनील प्रकाशाचा बराच भाग तेथेच अडतो आणि पटलापर्यंत फारच थोडा पोहोचतो असे आढळले. मुताची खूणही आजूबाजूच्या जमिनीपासून खात्रीने वेगळी उठून दिसत नाही. अतिनील प्रकाश भिंगातून गेल्यावर बाकीच्या रंगांबरोबर एका जागी नीट जुळत नाही आणि प्रतिमा धुरकट करतो, तेव्हा बारीक पाहणाऱ्या डोळ्याने तो अडवणे हे तर्काला धरूनच आहे.

प्रात्यक्षिकासाठी खर्च काहीच नाही. कागदावर एक मिलिमीटर काळी आणि एक मिलिमीटर पांढरी अशा रेघा तळहाताएवढ्या चौकोनात छापून घ्याव्यात, आणि शेजारी त्याच उजेडाचा सपाट करड्या रंगाचा चौकोन लावावा. छपाई चांगल्या यंत्रावर करावी, कारण रेघांच्या कडा फुटल्या किंवा शाई पसरली की मोजणी बिघडते. हा कागद शाळेच्या व्हरांड्यात डोळ्यांच्या उंचीवर लावून बघणाऱ्याला मागे मागे सरकायला सांगावे. चष्मा असेल तर तो लावूनच. दोन मिलिमीटरची जोडी ६० च्या हिशेबाने ६.९ मीटरवर मिटते. प्रत्यक्षात बहुतेकांच्या रेघा पाच ते सात मीटरच्या दरम्यान करड्या होतील. जेथे त्या मिटतील तेथे फरशीवर खडूने खूण करून नाव लिहावे. गरुडाची खूण कागदापासून १६ मीटरवर करावी, आणि व्हरांडा तेवढा लांब नसेल तर रेघा अर्ध्या मिलिमीटरच्या छापून सगळी अंतरे निम्मी करावीत.

कोणी सात मीटरपलीकडूनही रेघा दिसतात असे म्हटले, तर कागद एका बाजूला वळवून रेघा आता उभ्या आहेत की आडव्या, हे त्याला दर वेळी न सांगता विचारावे. दहापैकी आठ-नऊ उत्तरे बरोबर आली तरच त्याला खरोखर दिसते असे धरावे, कारण माहीत असलेली रेघ डोळ्याला न दिसताही दिसल्यासारखी वाटते. हीच मोजणी संध्याकाळी दिवे न लावता पुन्हा केली आणि दोन्ही वेळच्या खुणा वेगवेगळ्या रंगांच्या खडूने ठेवल्या, तर उजेडाचा परिणामही तक्त्यावर न लिहिता फरशीवरच दाखवता येईल. संध्याकाळच्या खुणा कागदाकडे सरकलेल्या असतील. त्या वेळेसाठी गरुडाची १६ मीटरची खूण मात्र पुसून टाकावी, ती भर उजेडातली आहे.